बायोडेटात नसलेले कौशल्य कसे विचारावे?

बायोडेटात एखादे कौशल्य दिसले नाही, तर त्याचे दोन अर्थ संभवतात: उमेदवाराला ते येत नाही, किंवा येत असूनही लिहायचे राहिले आहे. जुन्या नमुन्यात नाव आणि गुण बदलून केलेल्या बायोडेटात पदवी आणि एमएस-सीआयटी येते. आडत दुकानात वर्षभर केलेले काम मात्र सुटून जाते. म्हणून मुलाखतीची यादी करण्याआधी एक फोन करणे योग्य ठरते.

समजा, वाशिम जिल्ह्यातील कारंजा बाजारपेठेतून मध्य प्रदेशात सोयाबीन पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला हिशेबनीस हवा आहे. टॅलीत नोंदी करणे आणि ई-वे बिल काढणे हे त्याचे काम. एका उमेदवाराच्या बायोडेटात बी.कॉम. आणि टॅली आहे, ई-वे बिलाचा उल्लेख नाही.

‘ई-वे बिल येते का?’ असे विचारले, तर गरजू माणूस ‘हो’ म्हणणार आणि त्यातून काहीच कळणार नाही. त्याऐवजी, ‘शेवटचे ई-वे बिल कधी आणि कोणत्या मालाचे काढले?’ असे विचारावे. पुढचा प्रश्न कामातल्या अडचणीचा असावा: ‘गाडी वाटेत बंद पडली आणि माल दुसऱ्या गाडीत भरला, तर काय करता?’ ज्याने हे काम केले आहे तो सांगेल, की नवे बिल काढावे लागत नाही. त्याच बिलाच्या भाग-ब मध्ये नव्या गाडीचा क्रमांक भरायचा. साध्या मालवाहतुकीला दर 200 किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत मिळते, तेव्हा उशीर झाल्यास ती वाढवून घ्यावी लागेल, हेही त्याच्या लक्षात येईल. नुसते ऐकून माहीत असलेला इथे अडखळतो. ‘मालक सांगायचे तसे मी भरायचो’ हे उत्तरही उपयोगी असते: माहिती भरण्याचा सराव आहे, निर्णय घेण्याचा नाही.

उत्तर ‘नाही’ आले तर काय, हे फोन करण्याआधीच ठरलेले हवे. टॅली आणि जीएसटीचा पाया पक्का असेल, तर ई-वे बिल थोड्या दिवसांत शिकवता येते. तेवढ्यासाठी नाव कापणे नुकसानीचे. टॅलीच येत नसेल, तर गोष्ट वेगळी.

हाच प्रश्न बाकी पात्रता सारखी असलेल्या सर्वांना विचारावा. नाहीतर ज्याचा बायोडेटा आधी हाती आला, त्यालाच चूक सुधारायची संधी मिळते. उत्तर तारखेसह टिपून ठेवावे. बायोडेटात भर उमेदवाराने स्वतः घालून तो पुन्हा पाठवावा. भरती करणाऱ्याने परस्पर ओळ वाढवू नये. सांगितलेले काम मुलाखतीच्या वेळी संगणकावर करून घ्यावे.

सरकारी भरतीत मात्र अशा फोनला जागा नसते. टंकलेखनाचे प्रमाणपत्र ही पात्रतेची अट असलेल्या पदासाठी ते जाहिरातीतील मुदतीपर्यंत मिळवलेले असावे लागते. तिथे अर्जात काय लिहायचे राहिले, हे तपासण्याची जबाबदारी उमेदवाराचीच.