नकाराचे पत्र कसे लिहावे?

आपल्या गावातल्या शाळेत शिक्षकाची एक जागा निघाली. अर्ज आले तीस. निवड व्हायची एकाची. म्हणजे उरलेल्या एकोणतीस जणांना 'नाही' असे कळवायचे आले. पूर्वी हे काम पोस्टकार्डावर व्हायचे, आता ते ई-मेलने होते. निवड झालेल्याला काय लिहायचे ते सगळ्यांना सुचते. अडते ते या एकोणतीस पत्रांशी. आज त्या पत्राविषयीच थोडे बोलू.

समजा, एका मुख्याध्यापकांनी पुढील मजकूर तयार केला आहे. पाठविण्यापूर्वी तो आपल्यापुढे तपासायला ठेवला आहे :

"प्रिय उमेदवार, आपणास कळवण्यास अत्यंत आनंद होत आहे कि, आपला अर्ज आमच्याकडून रिजेक्ट करण्यात आला असून आपण अपात्र आहात. तरी भविष्यात आपला नक्की विचार करू. झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व."

पहिली चूक वाचताच हसू येईल, पण ती पुष्कळ ठिकाणी घडते. निवडीचे जुने पत्र उघडायचे, त्यातला शेवट बदलायचा आणि धाडून द्यायचे. आरंभीचा 'आनंद' तसाच राहून जातो. ज्याच्या हाती ते पत्र पडते त्याला मात्र हसू येत नाही. म्हणून जुन्या पत्रावरून नवे करताना नाव, तारीख, पद आणि हा आनंद-खेदाचा शब्द, एवढ्या चार जागा बोट ठेवून तपासाव्या.

आता 'कि' पाहा. एकाक्षरी शब्दातला शेवटचा इकार किंवा उकार दीर्घ लिहावा, असा आपला नियम आहे. मी, ती, तू, तसेच 'की'. ऱ्हस्व राहतो तो 'नि'. आदरार्थी बहुवचनात सामान्यरूपावर अनुस्वार येतो, म्हणून नियमाप्रमाणे 'आपणांस', 'आम्हांला' असे लिहावे. एरवी अनुस्वार सुटला तर कोणी मनावर घेत नाही. पण शाळेच्या नावाने जाणाऱ्या पत्रात तो असलेला बरा.

आनंद काढून खेद घातला की वाक्य होते : 'आपणांस कळविण्यास खेद होत आहे की'. हे चालते, रूढही आहे. पण ते इंग्रजी कचेरीतल्या वाक्याच्या साच्यावर बेतलेले आहे. आपण घरी बोलताना 'सांगायला वाईट वाटते' किंवा 'सांगताना वाईट वाटते' असे म्हणतो, आणि मुख्य गोष्ट आधी सांगतो. तोच क्रम पत्रात ठेवा : 'या पदावर आपली निवड होऊ शकली नाही, हे कळविताना आम्हांला खेद वाटतो.' यात खेद कोणाला वाटतो तेही आले. फोनच्या पडद्यावर पत्राची पहिली एकदोन वाक्येच दिसतात, तेव्हा बातमी लवकर येणे हेही सोयीचे.

खेद एकदाच म्हणावा. 'अत्यंत', 'मनापासून', 'तीव्र दुःख' असे एकावर एक शब्द रचले की वाचणाऱ्याला ते पोकळ वाटतात.

खेद आणि क्षमा यांतही फरक आहे. निवड न होणे हा आपला अपराध नव्हे, म्हणून तेथे खेद पुरे. क्षमा मागायची ती आपली चूक झाली असेल तेव्हा. मुलाखतीची वेळ दहाची दिली आणि उमेदवाराला दुपारी तीनपर्यंत बसवून ठेवले, तर त्याबद्दल स्पष्ट क्षमा मागा. आणि 'झालेल्या गैरसोयीबद्दल' असे मोघम न लिहिता काय झाले ते लिहा.

'अपात्र' हा शब्द फार जपून वापरायला हवा. अपात्र म्हणजे पदासाठी लागणारी अर्हताच नसलेला. डी.एड., बी.एड. सगळे असून दुसऱ्याची निवड झाली, तर तो उमेदवार अपात्र नव्हे, 'निवड न झालेला' आहे. येथे शब्द चुकला तर नुसते सौजन्य सुटत नाही, खोटे विधान होते. 'रिजेक्ट', 'फेटाळला' हे शब्दही टाळावे. 'आपली निवड होऊ शकली नाही' एवढ्याने तोच अर्थ पोहोचतो.

सर्वांत मोठा घोटाळा होतो 'भविष्यात नक्की विचार करू' या वाक्याने. लिहिणाऱ्याला वाटते, आपण मन राखले. वाचणारी मुलगी मात्र त्यावर विसंबते. जून जातो, जुलै जातो; शेजारच्या तालुक्यातली तासिका तत्त्वावरची जागा ती सोडते, कारण 'त्यांनी विचार करू म्हटले आहे'. वर्ष वाया जाते ते या एका गोड वाक्यापायी. खरोखरच प्रतीक्षा यादी असेल तर तसे लिहा, तिची मुदत द्या. नसेल तर ते वाक्य खोडा. 'तूर्त', 'प्रलंबित', 'विचाराधीन' हे शब्दही अशाच खोट्या आशेचे आहेत.

हेच पत्र इंग्रजीत पाठविण्याची वेळ शिक्षकांवर पुष्कळदा येते. वाक्य असे : 'वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू दॅट'. त्यात तीन चुका नेहमी दिसतात. 'वुई आर रिग्रेट' असे होत नाही, कारण येथे 'रिग्रेट' हेच क्रियापद आहे. 'इन्फॉर्म' या क्रियापदाला कोणाला कळवायचे ते लागते, म्हणून 'यू' गाळू नये. आणि 'रिग्रेट इन्फॉर्मिंग यू' लिहिले तर अर्थच फिरतो : तुम्हांला पूर्वी कळविले याचा आता पश्चात्ताप होतो, असा तो होतो.

आता सुधारलेले पत्र वाचा :

"विषय : सहायक शिक्षक (गणित) पदाच्या मुलाखतीचा निकाल.
स. न. वि. वि.
दि. १२ जून रोजी आपण मुलाखतीसाठी आलात, याबद्दल आभार. या पदावर आपली निवड होऊ शकली नाही, हे कळविताना आम्हांला खेद वाटतो. जागा एकच होती. नववी-दहावीला गणित शिकविण्याचा अनुभव असलेल्या उमेदवाराची निवड केली आहे. प्रतीक्षा यादी केलेली नाही. काही विचारावयाचे असल्यास शाळेच्या वेळेत कार्यालयात दूरध्वनी करावा.
आपला, मुख्याध्यापक."

आरंभी उमेदवाराचे नाव घालावे. 'प्रिय उमेदवार' म्हणजे कोणीच नव्हे. कारण द्यायचे तर खरे आणि एकच द्यावे, आणि ते जाहिरातीतल्या अटींशी जुळणारे असावे. सांगण्याजोगे नसेल तर कारण न देणे बरे, पण बनवू नये. विषयाच्या ओळीत 'निकाल' म्हणावे, 'नकार' नको. एसटीत बसलेल्या माणसाचा फोन शेजाऱ्यालाही दिसतो. शक्यतो प्रत्येकाला वेगळे पत्र धाडा. एकदमच पाठवायचे झाले तर पत्ते `Bcc` या चौकटीत घाला, म्हणजे कोणाकोणाला नकार गेला हे एकमेकांना कळणार नाही. पण मग पत्रात नाव घालता येत नाही, हे लक्षात ठेवा.

शेवटी एक सोपी कसोटी. पत्र तयार झाले की शाळेच्या शिपायाला किंवा घरातल्या कोणाला मोठ्याने वाचून दाखवा आणि एवढेच विचारा : 'नोकरी मिळाली की नाही?' उत्तर देताना तो थबकला, तर पत्र पुन्हा लिहायला बसा.