चेहऱ्याचं तेल आणि अभ्रकाची पावडर

मिनरल फाउंडेशनची डबी उलटी करून घटकांची यादी वाचली, तर ती बऱ्याचदा दोन-तीन ओळींत संपते. सॅन फ्रान्सिस्कोच्या बेअर इसेन्शुअल्स कंपनीने १९९५मध्ये ‘बेअरमिनरल्स’ बाजारात आणलं, तेव्हा त्यात मुख्य घटक पाचच होते: अभ्रक, झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड, बिस्मथ ऑक्सिक्लोराइड आणि रंगासाठी आयर्न ऑक्साइड. पाणी नाही, तेल नाही, सुगंध नाही. लिक्विड फाउंडेशनच्या बाटलीतही रंग येतो तो टायटॅनियम डायऑक्साइड आणि आयर्न ऑक्साइडमुळेच. फरक असा की बाटलीतला रंग पाण्यात, सिलिकॉनमध्ये किंवा तेलात भिजलेला असतो, आणि डबीतला रंग कोरडाच चेहऱ्यावर येतो. त्याला भिजायला लागणारं तेल तो तुमच्या त्वचेकडून घेतो. ही पावडर कुणाला शोभेल आणि कुणाच्या चेहऱ्यावर पिठासारखी दिसेल, ते बरंचसं यावरच ठरतं.

अभ्रकापासून सुरुवात करू. झारखंडमधल्या कोडरमा आणि गिरिडीहच्या पट्ट्यात जमिनीतून निघणाऱ्या या खनिजाचे नखाने सुटे करता येतील इतके पातळ पापुद्रे होतात. ते बारीक दळले तरी कण चपटेच राहतात. चपटे असल्यामुळे ते एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणून पावडर बोटांना रेशमी लागते आणि त्वचेवर एकसारखी पसरते. शिवाय ते प्रकाश इकडेतिकडे विखुरतात, त्यामुळे रंध्रं आणि बारीक रेषा जरा पुसट दिसतात. मात्र डाग झाकण्याची ताकद अभ्रकात फारशी नाही. भजी ठेवलेल्या कागदावर तेलाचा डाग पडला की तेवढा भाग आरपार दिसू लागतो, तसंच अभ्रकाचं होतं. त्याचा प्रकाश वळवण्याचा गुण तेलाच्या इतका जवळचा आहे, की तेलात भिजलं की ते जवळपास दिसेनासं होतं.

झिंक ऑक्साइडचं तसं होत नाही. त्याचा अपवर्तनांक सुमारे २, अभ्रकाचा १.६च्या आसपास आणि तेलाचा साधारण १.४७. तेलापासूनचं हे अंतर मोठं असल्यामुळे भिजल्यावरही झिंक ऑक्साइड पांढरंच राहतं आणि खालची लाली झाकतं. टायटॅनियम डायऑक्साइड याहून जास्त झाकतं, पण झिंक ऑक्साइड आणखी एक काम करतं. चेहऱ्याच्या तेलातल्या मेदाम्लांशी त्याची हळूहळू अभिक्रिया होते आणि जस्ताचा साबण तयार होतो. हा साबण घट्ट, कोरडा आणि पाण्यात न विरघळणारा असतो. म्हणून झिंक ऑक्साइड जास्त असलेली पावडर तेलकट नाकावरही बराच वेळ टिकते. घामोळ्यांवर आपण लावतो त्या कॅलामाइन लोशनमध्येही झिंक ऑक्साइडच असतं, आणि त्याचा गुलाबी रंग थोड्याशा आयर्न ऑक्साइडमुळे येतो. म्हणजे या डबीतल्या दोन गोष्टी आपल्या घरातल्या कपाटात आधीपासूनच असतात.

विकत घेण्याआधी एक प्रयोग जरूर करावा. मनगटाच्या आतल्या बाजूला चिमूटभर पावडर कोरडीच घासा. शेजारी तेवढीच पावडर खोबरेल तेलाच्या एका थेंबात मिसळून लावा. कोरड्या डागाचा रंग म्हणजे सकाळी आरशात दिसणारा रंग, आणि तेलातला म्हणजे दुपारचा. तेलातला डाग जवळजवळ नाहीसा झाला, तर पावडरीत अभ्रक भरपूर आहे. चमक मिळेल, पण डाग झाकले जाणार नाहीत. डाग टिकला पण बराच गडद किंवा नारिंगी झाला, तर एक शेड फिकी घ्या. आणि सावळ्या मनगटावर तेलातसुद्धा राखाडी छटा उरली, तर त्या शेडमध्ये पांढरी द्रव्यं जास्त आणि आयर्न ऑक्साइड कमी आहे. ती पावडर कितीही घासली तरी तुमच्या रंगात मिसळणार नाही. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली ही राखाडी छटा दिसत नाही, म्हणून दाराशी येऊन दिवसाच्या उजेडात बघावं.

लावण्याची रीतही याच तेलावर चालते. आधी सनस्क्रीन किंवा मॉइश्चरायझर लावून ते मुरू द्यावं. ओलसर चेहऱ्यावर पावडरीचे ठिपके बसतात आणि मग ते पसरत नाहीत. झाकणात चिमूटभर पावडर काढून दाट केसांचा ब्रश त्यात फिरवावा, जास्तीची झटकावी आणि गालापासून गोल गोल घासत लावावी. एक जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यावेत. लावल्या लावल्या चेहरा कोरडा दिसला म्हणून घाबरू नये. दहा-पंधरा मिनिटांत त्वचेचं तेल वर येतं, पावडर भिजते आणि रंग जागेवर बसतो. दुपारी पुन्हा लावायची असेल तर आधी टिशूने तेल टिपावं, नाहीतर गोळे होतात.

यावरून कुणाला काय बरं, ते जवळपास आपोआप ठरतं. तेलकट किंवा मिश्र त्वचा असेल आणि फार जड मेकअप नको असेल, तर पावडर. सुगंध किंवा प्रिझर्व्हेटिव्हने खाज येणाऱ्यांनाही ती सोयीची, कारण पाणीच नसलेल्या पावडरीत जंतू वाढत नाहीत आणि प्रिझर्व्हेटिव्हची गरज उरत नाही. अर्थात ओला ब्रश डबीत घातला तर हा फायदा गेला. घटकांच्या यादीत बिस्मथ ऑक्सिक्लोराइड आहे का, तेही पाहावं. काहींना त्याने घाम आल्यावर खाज सुटते, आणि ते वगळलेल्या पावडरी मिळतात. दमा असलेल्यांनी सुट्या पावडरीचा धुरळा टाळून दाबलेली वडी घ्यावी.

कोरड्या, सोललेल्या त्वचेवर मात्र पावडर पोपड्यांना चिकटून त्यांच्याकडेच लक्ष वेधते, कारण तिला भिजवणारं तेल तिथे नसतं. अशा त्वचेला लिक्विडच बरं. मुरुमांचे गडद व्रण पूर्ण झाकायचे असतील तरीही लिक्विड, कारण त्यातला रंग एकसंध पापुद्रा होऊन बसतो.

राहिला डबीवरचा ‘एसपीएफ १५’. झिंक ऑक्साइड अतिनील किरणं शोषतं हे खरं, पण हा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या हिशोबाने मोजलेला असतो. चेहऱ्याचं क्षेत्र अंदाजे ६०० चौरस सेंटिमीटर धरलं, तर एका वेळी १.२ ग्रॅम पावडर लागेल आणि ८ ग्रॅमची डबी आठवडाभरही पुरणार नाही. प्रत्यक्षात ती तीन महिने पुरते. म्हणजे रोज जेमतेम ०.०९ ग्रॅम वापरली जाते आणि त्यातलीही काही ब्रशातच राहते. वांग असलेल्यांनी तर या आकड्यावर मुळीच विसंबू नये. दृश्य प्रकाशानेही वांग गडद होतो आणि तो अडवायला आयर्न ऑक्साइड उपयोगी पडतं, पण इतक्या पातळ थरातलं पुरत नाही. त्यांनी आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन पुरेसं लावावं आणि पावडर हवीच असेल तर त्यावर फिरवावी.

अभ्रकाबद्दल आणखी एक सांगायला हवं. झारखंडच्या त्याच पट्ट्यात बेकायदा खाणींतून लहान मुलं अभ्रक वेचतात. हे थांबवण्यासाठी २०१७मध्ये ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ ही कंपन्यांची आणि संस्थांची आघाडी उभी राहिली. घटकांच्या यादीत ‘सिंथेटिक फ्लुओरफ्लोगोपाइट’ दिसलं, तर ते खाणीतलं नाही, भट्टीत तयार केलेलं अभ्रक आहे. तेही तितकंच चपटं असतं आणि त्याचा रंग जास्त स्वच्छ असतो.