सभेत बोलताना – लेखांक ७ : चढती लय, उतरता आवाज

गेल्या आठवड्यात भाषणाची सुरुवात कशी बांधायची ते पाहिले. आता थेट कळसाकडे. त्यासाठी पेठ तालुक्यातला विषय घेऊ, कारण तिथल्या वक्तृत्व स्पर्धांत पाणी हा विषय टळत नाही. पावसाळ्यात इथले डोंगर न्हाऊन निघतात आणि उन्हाळ्यात पाड्यांवर हंडे रांगेत लागतात. सात मिनिटांच्या भाषणाचा शेवट मी असा लिहून दिला असता :

'पाऊस डोंगरावर पडतो. डोंगरावरून ओहोळात येतो, ओहोळातून दमणगंगेत जातो. दमणगंगेतून गुजरात, गुजरातेतून समुद्र. दिवाळी गेली, ओहोळ गेला. होळी आली, विहीर आटली. हंडा उचलला, वाट धरली, डोंगर उतरली, रांगेत बसली –'

इथे थांबायचे. मग हळू आवाजात :

'वाटीनं भरतेय ती हंडा. शाळा केव्हाच भरली.'

आता यातली वेगाची व्यवस्था बघा. वक्त्याने जीभ पळवायची नाही. वेग वाक्यांच्या लांबीतून येतो. सुरुवातीची वाक्ये पूर्ण आहेत, मग क्रियापदे गळतात, शेवटी दोन-दोन शब्दांचे तुकडे उरतात. जीभ त्याच गतीने चालली तरी ऐकणाऱ्याला धाव जाणवते. विद्यार्थी मात्र पहिल्याच वाक्यापासून वेग आणि आवाज दोन्ही एकदम वाढवतात. 'होळी'पर्यंत पोचेपर्यंत ते टिपेला गेलेले असतात आणि पुढे चढायला जागाच उरत नाही. म्हणून आधी फक्त वेग वाढू द्यावा, आवाज मधल्या पट्टीतच ठेवावा. तो चढवायचा केवळ 'हंडा उचलला'पासून पुढच्या चार तुकड्यांत. कीर्तनकार हे फार छान करतात. टाळ-मृदंगाची लय चढवत नेतात आणि एका इशाऱ्यावर सगळे थांबवून पुढचा शब्द साध्या बोलण्यातला टाकतात.

श्वासाचे गणितही आधी मांडावे लागते. 'विहीर आटली'नंतर श्वास भरून घेतला नाही, तर 'रांगेत बसली'पाशी दम संपतो. मग खाली आलेला आवाज मुद्दाम उतरवलेला वाटत नाही, वक्ता दमलेला वाटतो. ओळखायची खूण सोपी आहे : थांब्यात खांदे वर उचलले गेले, तर श्वास संपला होता.

आता ती हळू ओळ. हळू म्हणजे कुजबुज नव्हे. कुजबुजीत स्वरतंतू कंप पावत नाहीत, त्यामुळे ध्वनिक्षेपकातून नुसती हवा ऐकू येते. आवाज खालच्या पट्टीत पण भरीव हवा. माइक वीतभर अंतरावर असेल तर अर्ध्या वितीवर यावे. अंतर निम्मे केले की माइकला पोचणारा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, म्हणजे हळू बोलूनही शब्द शाबूत राहतात. 'भ'चा फुत्कार माइकवर फटकतो, तेव्हा तोंड जरा कडेला ठेवावे. माइकवाल्यालाही आधी सांगून ठेवावे, नाहीतर आवाज बसला असे समजून तो नेमका त्याच क्षणी बटण फिरवतो आणि कर्णा शिट्टी मारतो.

मराठीची एक खास अडचण आहे. आपले क्रियापद शेवटी येते, 'नाही'सुद्धा शेवटीच. आणि आवाज उतरला की पहिला बळी वाक्याच्या शेपटाचाच जातो. म्हणून पहिल्या हळू वाक्यात 'भरतेय' आधी घेतले. दुसऱ्यात ते शेवटी ठेवावेच लागले, तेव्हा 'भरली'तला 'ली' पूर्ण उच्चारायचा. शेवटच्या रांगेत कोणाला तरी बसवून ऐकलेले वाक्य लिहायला सांगा. कागदावर 'शाळा केव्हाच' एवढेच आले, तर दुरुस्ती कुठे हवी ते कळले.

हा प्रयोग सगळीकडे चालत नाही. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या मैदानात मार्टिन ल्यूथर किंग यांनी भाषण शिखरावरच संपवले. उघड्यावरच्या प्रचंड गर्दीपुढे ते योग्यच होते. आणि पेठच्या पत्र्याच्या सभागृहात जुलैत पाऊस कोसळत असेल, तर हळू ओळ पहिल्या रांगेलाही पोचणार नाही. तेव्हा आवाज तसाच ठेवून फक्त वेग तोडावा, प्रत्येक शब्द सुटा करावा.

थांबा किती लांब? मनात सावकाश एक-दोन म्हणण्याइतका. धावेच्या टोकाला टाळ्या पडल्या तर त्या पूर्ण ओसरू द्याव्यात. टाळ्यांवर हळू ओळ टाकली तर ती वाया जाते आणि पुन्हा म्हणता येत नाही. स्पर्धेत आणखी एक धोका असतो, तो म्हणजे इशाऱ्याची घंटा. ती एक मिनिट आधी वाजत असेल, तर धाव तिच्यानंतरच सुरू होईल असे भाषण कापून घ्यावे. आधीच सुरू केलीत, तर घंटा बरोबर थांब्यात वाजेल.