गेम एसएसडीवर हलवण्याआधी

'सायबरपंक २०७७'मधल्या नाइट सिटीत गाडी भरधाव सोडा. गेम साध्या हार्ड डिस्कवर असेल, तर समोरच्या दुकानाची पाटी आधी नुसता रंगाचा डाग दिसते आणि आपण पार जवळ पोचल्यावर तिच्यावरची अक्षरं उमटतात. याला टेक्स्चर पॉप-इन म्हणतात. बहुतेकांचा पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर जातो आणि खिसा उगाच रिकामा होतो.

टेक्स्चर म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं. अख्ख्या शहराची चित्रं मेमरीत मावत नाहीत, म्हणून प्रत्येकाच्या लहान-मोठ्या प्रती डिस्कवर असतात. लांबून लहान प्रत चालते, जवळ गेलं की गेम मोठी मागवतो. ती वेळेत आली नाही, की डाग दिसतो.

हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते. वाचणारं हेड जागेवर सरकायला आणि हवा तो भाग त्याच्याखाली यायला साधारण १२-१३ मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला जेमतेम ऐंशी तुकडे. सलग फाइल १५० एमबीच्या वेगाने वाचणारी हीच डिस्क विखुरलेले तुकडे गोळा करताना पार गळपटते. एसएसडीत फिरणारं काही नसतंच. तोच तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास हाती येतो. म्हणून साधी साटा एसएसडीही इथे मोठा फरक पाडते. महागड्या एनव्हीएमईने या दोषात त्यापुढे फार काही दिसत नाही.

पण खरेदीआधी खात्री करा. गेम चालू ठेवून Task Manager उघडा, Performance मध्ये गेमची डिस्क निवडा. गाडी पळवताना Active time शंभर टक्क्यांना टेकतोय आणि वाचनाचा वेग मात्र थोड्या एमबींवर अडकलाय, तर दोष डिस्कचाच. डिस्क निवांत असूनही चित्रं उशिरा येत असतील, तर ग्राफिक्स कार्डाची मेमरी कमी पडत असेल. तिथे एसएसडी काही करणार नाही; टेक्स्चरची पातळी एक पायरी खाली आणा.

हलवणं सोपं आहे. स्टीमच्या Settings मधल्या Storage मध्ये नवा ड्राइव्ह जोडा. मग गेमवर राइट-क्लिक करून Properties, Installed Files आणि Move install folder. फोल्डर हाताने कापून चिकटवू नका, स्टीमला तो सापडणार नाही. सुमारे ७० जीबी सरकायला दहा-वीस मिनिटं लागतात. खेळाची प्रगती विंडोजच्या Saved Games फोल्डरमध्ये वेगळी असते, तिला धक्का लागत नाही. हलवून झाल्यावर गेमच्या सेटिंग्जमधला हार्ड डिस्कसाठीचा मोड चालू राहिला नाही ना, तेवढं बघा.

एसएसडीने फ्रेमरेट फारसा वाढत नाही, आणि लांबच्या इमारतींचा तपशील गेमनेच मुद्दाम कमी ठेवला असेल तर तोही तसाच राहतो. तरी या गेमपुरता प्रश्न आता मिटला आहे: सप्टेंबर २०२३च्या २.० आवृत्तीपासून निर्मात्यांनी किमान गरजांमध्येच एसएसडी घातली आहे.