आग नाही, तरी उकळायला आलेलं पाणी

काचपात्रात 182 ग्रॅम डिस्टिल्ड वॉटर आहे, तापमान 25 अंश. त्यात 100 ग्रॅम संहत सल्फ्युरिक आम्ल, 98 टक्क्यांचं, बारीक धारेनं ढवळत सोडायचं. मोजून पाहिलं तर हे आम्ल जेमतेम 54 मिलिलिटर भरतं. तयार होतं ते 35 टक्क्यांचं द्रावण, साधारण बॅटरीत घालतात तसलं ॲसिड. आणि थर्मामीटरचा पारा 100 अंशांच्या आसपास पोचलेला असतो. खाली ना बर्नर, ना शेगडी.

ही उष्णता किती, हे आधीच सांगता येतं. त्यासाठी एक तक्ता असतो. एक मोल, म्हणजे 98 ग्रॅम, शुद्ध आम्लात इतके इतके मोल पाणी मिसळलं तर एकूण किती उष्णता बाहेर पडते, ते त्यात दिलेलं असतं. या एकूण आकड्याला इंटिग्रल हीट ऑफ सोल्यूशन म्हणतात. पाणी 1 मोल असेल तर 28 किलोज्यूल, 2 मोलला 42, 5 ला 58, 10 ला 67. जरा वाचून बघा: पहिला मोल 28 देतो, दुसरा 14, आणि सहावा ते दहावा असे पाच मोल मिळून फक्त 9. आम्लाचा रेणू पहिल्या पाण्यावर तुटून पडतो. त्याचा प्रोटॉन पाणी उचलतं, उरलेले आयन पाण्याचे रेणू भोवती जमवतात, आणि या नव्या बंधांतून उष्णता मोकळी होते. मागून येणाऱ्या पाण्याला करायला फार काही उरत नाही.

आता आपलं काचपात्र. 100 ग्रॅम आम्लात 98 ग्रॅम खरं आम्ल, म्हणजे नेमका एक मोल. त्यातलं 2 ग्रॅम आणि वरचं 182 ग्रॅम मिळून पाणी होतं 10 मोलांच्या किंचित वर. तक्ता सांगतो 67. पण थांबा, आम्ल 98 टक्क्यांचं आहे. त्यातल्या दोन ग्रॅम पाण्यानं आपली सुमारे 4 किलोज्यूल उष्णता कारखान्यातच देऊन टाकली आहे. वजा केली की उरतात 63. ही झाली विरलनाची उष्णता, विरलन एन्थाल्पी: तक्त्यातल्या दोन आकड्यांमधला फरक, बाकी काही नाही. द्रावणाचं वजन 282 ग्रॅम, एक ग्रॅम एक अंशानं तापवायला सुमारे 3 ज्यूल. भागाकार केला की तापमानवाढ येते 75 अंशांच्या जवळ. प्रत्यक्षात काच आणि हवा आपला वाटा खातात, त्यामुळे पारा थोडा खालीच थांबतो.

मग आम्लात पाणी ओतलं तर? सुरुवात तीच, शेवट तोच, म्हणून एकूण उष्णताही तीच 63. धोका बेरजेत नसतोच, तो वाटेत असतो. 100 ग्रॅम आम्लात पहिलं 16 ग्रॅम पाणी पडतं तेव्हाच 24 किलोज्यूल सुटतात, आणि ते पेलायला असतं जेमतेम 116 ग्रॅम द्रव, तोही पाण्याच्या निम्म्याहून कमी उष्णता धरणारा. हिशेबानं तापमान 140 अंश. पाणी 34 ग्रॅम झालं की 160. पुढच्या पाण्यानं ते उतरत 100 वर येईल, पण तोवर कोण थांबतंय! आम्लाची घनता 1.84, त्यामुळे पडणारं पाणी वरच तरंगतं आणि त्या पातळ थरात क्षणात वाफ होऊन आम्लासकट उडतं. उलट, पाण्यात आम्ल सोडताना तापमान पायरी पायरीनं चढतं आणि शेवटच्या आकड्याच्या वर कधीच जात नाही, अर्थात नीट ढवळत राहिलं तर. ढवळलं नाही तर जड आम्ल मुकाट्यानं तळाशी बसतं आणि नंतरच्या एका धक्क्यानं सगळा हिशेब एकदम चुकता करतं.

तक्त्याचा खालचा टोकाचा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. 10 वरून 100 मोल पाण्यापर्यंत जाताना एकूण आकडा 67 वरून फक्त 74 होतो. आपलं बॅटरी ॲसिड इतकं पातळ केलं तर पारा अंशभरही हलत नाही. वाटतं, संपलं. पण पाणी वाढवतच गेलं तर आकडा पुन्हा चढू लागतो आणि अनंत विरलनाला 96 वर जातो! हे जास्तीचे 22 किलोज्यूल दुसऱ्या प्रोटॉनचे. सल्फ्युरिक आम्ल पहिला प्रोटॉन सहज सोडतं. बायसल्फेट आयन मात्र दुसरा धरून ठेवतो आणि भरपूर पाणी मिळाल्यावरच सोडतो. ही उष्णता शेकडो लिटर पाण्यात पसरते, म्हणून साध्या थर्मामीटरला तिचा पत्ताही लागत नाही.

डेन्मार्कच्या यूलियस थॉमसन यांनी एकोणिसाव्या शतकात हीच उष्णता मोजून तिचं एक सोपं सूत्र बसवलं. पाण्याचे मोल n असतील तर कॅलरींमध्ये:

17860 × n / (n + 1.798)

n = 10 घातलं की 63 किलोज्यूल येतात, तक्त्याच्या 67 च्या बरेच जवळ. बॅटरी ॲसिडसाठी तेवढं चालतं. पण n कितीही वाढवला तरी सूत्र 75 च्या पुढे सरकत नाही. दुसऱ्या प्रोटॉनला त्यात जागाच नाही.