पहिलं बिल जास्त का येतं?

जिंतूरच्या एखाद्या कृषी सेवा केंद्रात १२ जूनला फायबरचं कनेक्शन बसलं. प्लॅन महिना ४९९ चा. जुलैच्या सुरुवातीला पहिलं बिल आलं ९६२ रुपयांचं, आणि दुकानदाराचा फोन परभणीच्या ऑफिसात खणखणला: "अहो, पत्रकावर चारशे नव्व्याण्णव छापलंय, मग हे बाकीचे कुठून आले?" अशा वेळी 'सिस्टीमनं काढलंय' असं सांगू नका. त्यानं गिऱ्हाईक जास्तच भडकतं. बिल समोर घ्या आणि तारखांपासून सुरुवात करा.

आधी हे सांगा की आपलं भाडं आगाऊ असतं. १ जुलैच्या बिलात जुलैचे पूर्ण ४९९ आहेत. त्याशिवाय १२ ते ३० जून हे १९ दिवस वापरून झालेत, त्यांचे पैसे याआधी कुठेच लागलेले नाहीत. ४९९ ला ३० नं भागून १९ नं गुणलं की ३१६ रुपये ३ पैसे येतात. महिन्याच्या मधे भाड्यानं खोली घेतली की मालक उरलेले दिवस आणि पुढचा महिना मिळून मागतो, तसंच हे. "म्हणजे दोन महिन्यांचे घेतले!" असं गिऱ्हाईक म्हणेल. तर नाही, पन्नास दिवसांचे घेतले. जूनचे एकोणीस आणि जुलैचे एकतीस.

दोन्ही मिळून ८१५.०३. त्यावर १८ टक्के जीएसटी, निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा, म्हणजे प्रत्येकी ७३.३५. एकूण ९६१.७३, गोळाबेरीज ९६२. जाहिरातीत कर बहुधा बारीक अक्षरात असतो, ही आपलीच पद्धत आहे, त्यावर गिऱ्हाइकाशी वाद घालू नये. पुढचं बिल ५८८.८२ येईल हेही लगेच सांगून टाका, नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा फोन येईल.

राउटरचं डिपॉझिट घेतलं असेल तर ते वेगळं दाखवा. ते परत मिळणारं असतं, म्हणून त्यावर जीएसटी लागत नाही. जोडणीचा खर्च मात्र परत मिळत नाही आणि त्यावर कर लागतो.

आता ज्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही ते. अर्ज ८ जूनला नोंदवला आणि लाइनमन १२ ला आला, तर बिल १२ पासूनच लागलं पाहिजे. बिलात ८ पासून २३ दिवस धरलेले दिसले, तर कराचे पैसे धरून सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर रुपये जादा लागलेत आणि गिऱ्हाईक बरोबर आहे. म्हणून स्पष्टीकरण द्यायच्या आधी बिलावरची चालू झाल्याची तारीख लाइनमनच्या नोंदीशी ताडून पाहा. फरक निघाला तर तक्रार नोंदवून डॉकेट नंबर तिथल्या तिथे द्या. तो मागायची वेळ गिऱ्हाइकावर आणू नका.