धड्यातून कार्यपत्रिका: एका विटेचा दाब

आठवीच्या सामान्य विज्ञानात ‘बल व दाब’ हा धडा आहे. त्यातला दाबाचा भाग शिकवून झाला की शिक्षक कार्यपत्रिका काढायला बसतात. बऱ्याचदा ती स्वाध्यायातले प्रश्न मागेपुढे करून आणि शेवटी दोन गणितं जोडून तयार होते. झेरॉक्स होते, मुलं सोडवतात, गुण पडतात. पण दाब कुणाला समजला आणि कुणी नुसता पाठ केला, हे त्या गुणांवरून कळत नाही. ते कळायला हवं असेल, तर प्रश्नांच्या पायऱ्या विचारपूर्वक बांधाव्या लागतात.

काम सुरू करताना प्रश्न लिहू नयेत. आधी धडा वाचून एका कागदावर लिहावं, की हा भाग संपल्यावर मुलाला नेमकं काय करता आलं पाहिजे. दाबाच्या बाबतीत यादी छोटी आहे. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर लंब दिशेनं लागलेलं बल, हे सांगता यावं. दाब = बल ÷ क्षेत्रफळ हे सूत्र वापरून उत्तर पास्कलमध्ये काढता यावं. बल तेच राहूनही दाब बदलू शकतो, हे ओळखता यावं. पुस्तकात नसलेल्या प्रसंगातही हेच तत्त्व दिसावं. या चारपैकी एकाशीही न जुळणारा प्रश्न कितीही छान वाटला तरी बाजूला ठेवावा.

आता पायऱ्या. प्रश्नपत्रिकेच्या संविधान तक्त्यात ज्ञान, आकलन, उपयोजन असे रकाने असतात आणि काठिण्यपातळी वेगळी मांडलेली असते. शिक्षकांना हे पाठ असतं. तरीही कठीण प्रश्न काढताना हात आकड्यांकडेच जातो: वीस न्यूटनच्या जागी १८७.५ न्यूटन. त्यानं भागाकार किचकट होतो, पण दाबाबद्दलचा विचार तिथंच राहतो. माझ्या मते प्रश्नाचा कठीणपणा दोन गोष्टींवर मोजावा. उत्तरापर्यंत जायला किती टप्पे लागतात, आणि प्रसंग पुस्तकापासून किती लांबचा आहे. सुरी आणि खिळा ही उदाहरणं दाबाच्या धड्यात हमखास शिकवली जातात. त्यामुळे ‘धारदार सुरीनं भाजी सहज का चिरली जाते?’ हा प्रश्न उपयोजनाचा दिसत असला, तरी वर्गात ते उत्तर झालं असेल तर तो निव्वळ आठवणीचा आहे. ‘चिखलात रुतलेल्या ट्रॉलीच्या चाकाखाली फळी का सरकवतात?’ असं विचारलं, की मुलाला तेच तत्त्व स्वतः शोधावं लागतं.

सगळी कार्यपत्रिका एकाच वस्तूवर उभी करता आली तर उत्तम, कारण मग दर प्रश्नाला नवा प्रसंग समजून घेण्यात मुलांची शक्ती जात नाही. समजा, एक वीट २० सेंमी लांब, १० सेंमी रुंद आणि ५ सेंमी जाड आहे. तिचं वजन २० न्यूटन. वजन सरळ न्यूटनमध्येच द्यावं. ‘२ किलोची वीट’ असं लिहिलं, तर कुणी गुरुत्व त्वरण १० घेऊन १००० पास्कल काढेल, कुणी ९.८ घेऊन ९८० पास्कल. दोघंही बरोबर, आणि तपासताना वाद.

पहिल्या पायरीवर तीन-चार प्रश्न पुरेत: एकक, सूत्र, व्याख्या. गाळलेली जागा द्यायची असेल तर ती कळीच्या शब्दाची असावी. व्याख्येतला ‘लंब’ हा शब्द गाळला तर प्रश्नाला अर्थ आहे, ‘म्हणतात’ गाळून काही हाती लागत नाही.

दुसऱ्या पायरीवर वीट तीन प्रकारे ठेवायची. आडवी ठेवली की जमिनीला टेकणारं क्षेत्रफळ २० × १० म्हणजे २०० चौ. सेंमी, लांब कडेवर १०० चौ. सेंमी, आणि उभी केली की ५० चौ. सेंमी. चौरस मीटरमध्ये हे ०.०२, ०.०१ आणि ०.००५ होतं, आणि दाब अनुक्रमे १०००, २००० व ४००० पास्कल येतो. लगेच पुढचा प्रश्न: वीट उभी केल्यावर वाळूत जास्त रुतली, तर तिचं वजन वाढलं का? इथं बरीच मुलं घसरतात. सूत्रानं तिन्ही उत्तरं बरोबर काढलेलं मूलही कधी ‘हो’ लिहून जातं. बल आणि दाब त्याच्या मनात अजून वेगळे झालेले नाहीत, हे त्या एका शब्दावरून कळतं.

तिसऱ्या पायरीवर दोनच प्रश्न, पण दोन्ही विटांच्या जोडीवर. तशाच दोन विटा आडव्या, शेजारी-शेजारी ठेवल्या तर जमिनीवरचा दाब किती? आणि एकीवर एक आडव्या ठेवल्या तर? पहिल्यात बल दुप्पट, क्षेत्रफळही दुप्पट, म्हणून दाब १००० पास्कलच. दुसऱ्यात बल दुप्पट पण क्षेत्रफळ तेच, म्हणून २००० पास्कल. आकडे साधे आहेत, गणित तोंडी होईल, तरीही ‘दोन विटा म्हणजे दुप्पट दाब’ या समजुतीनं चालणारं मूल पहिल्याच प्रश्नात अडकतं.

उत्तरसूची वेगळ्या कागदावर हवी, कार्यपत्रिकेच्या मागच्या बाजूला नको. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यात नुसतं ‘१००० पास्कल’ लिहून भागत नाही. क्षेत्रफळ काढलं त्याचा एक गुण, एकक बदललं त्याचा एक, भागाकार आणि पास्कल याचा एक, असं टप्प्यांनी मांडावं. म्हणजे दुसऱ्या कुणी तपासलं तरी गुण तेच पडतात. आधीच्या टप्प्यातली चूक पुढे आली, पण पुढची रीत बरोबर असली, तर पुढचा गुण कापू नये, हेही तिथंच लिहावं.

आणि अपेक्षित चुकाही लिहाव्यात. विटेच्या प्रश्नात १०, २० आणि ४० पास्कल ही उत्तरं वारंवार येऊ शकतात. मुलानं चौ. सेंमीचे चौ. मीटर करताना १०,००० ऐवजी १०० ने भागलेलं असतं. इथं सावध राहावं, कारण या चुकीतही तिन्ही उत्तरांचं प्रमाण बरोबरच राहतं. ‘कोणत्या स्थितीत दाब सर्वांत जास्त?’ एवढंच विचारलं असतं तर ही चूक लपून राहिली असती. उत्तरसूचीत ‘१० पास्कल: क्षेत्रफळाचं रूपांतर पुन्हा घ्या’ अशी ओळ असली, की वही हातात असतानाच पुढं काय शिकवायचं ते ठरतं.

सूची चुकते ती बहुधा शेवटच्या घटकेला. प्रश्नांचा क्रम बदलतो, वजन २० चं ३० होतं, आणि सूची जुनीच राहते. म्हणून छापायच्या आधी अंतिम प्रत एखाद्या सहकाऱ्याला सूची न दाखवता सोडवायला द्यावी, घड्याळ लावून. तिला लागलेल्या वेळाच्या साधारण तिप्पट वेळ मुलांना लागेल, असं धरून चालावं. पस्तीस मिनिटांच्या तासाला तिला पंधरा मिनिटं लागली, तर प्रश्न कमी करायचे, आणि ते पहिल्या पायरीवरचे.

मुलांनी सोडवल्यावर कागद चाळताना दोन गोष्टी पाहाव्यात. एखादा प्रश्न जवळपास सगळ्यांचा चुकला, तर आधी प्रश्नाची भाषा आणि सूची तपासावी, मग मुलांकडे वळावं. आणि पहिल्या पायरीवर अडलेली बरीच मुलं तिसऱ्या पायरीचा प्रश्न सहज सोडवत असतील, तर तो प्रश्न चुकीच्या पायरीवर बसला आहे, किंवा त्याचं उत्तर आधीच्या एखाद्या प्रश्नातच सापडतं आहे. तो प्रश्न पुढच्या तुकडीला देण्याआधी बदलावा, आणि त्याच वेळी सूचीतली त्याची ओळही.